चर्चा प्रकरणातले एक वाक्य दुरुस्त करताना

माझ्या प्रबंधासाठी रुग्णालयाच्या प्रसूतिपूर्व बाह्यरुग्ण विभागात तपासलेल्या 200 गर्भवतींपैकी 124 जणींचे, म्हणजे 62 टक्के जणींचे, हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशासाठी हाच आकडा 52.2 टक्के आहे. मी उत्साहाने लिहिले, ‘या तालुक्यात रक्तक्षयाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असल्याचे सिद्ध होते.’ मार्गदर्शक बाईंनी ‘तालुक्यात’ आणि ‘सिद्ध’ या दोन शब्दांभोवती लाल वर्तुळे काढली.

माझी 95 टक्के विश्वासमर्यादा 55 ते 69 होती, त्यामुळे फरक खरा आहे, असे मी म्हणू लागलो. परंतु ती मर्यादा फक्त नमुन्यातील योगायोगाचा अंदाज देते, निवडीतील दोषाचा हिशेब ती धरत नाही. मग मी दोन्ही अभ्यासांतील महिलांची निवड, रक्त घेण्याची पद्धत आणि निकष शेजारी शेजारी मांडले. निकष एकच होता. मात्र सर्वेक्षणात घरोघरी जाऊन बोटाचे रक्त तपासले होते, तर आमच्याकडे शिरेतले, आणि आमच्या बऱ्याच जणी अशक्तपणामुळेच पाठवलेल्या होत्या.

नवे वाक्य असे झाले: ‘आमच्या रुग्णालयात आढळलेले प्रमाण सर्वेक्षणापेक्षा जास्त आहे, पाठवलेल्या रुग्णांचा भरणा आणि रक्त घेण्याची वेगळी पद्धत यांमुळे हा फरक काही अंशी निर्माण झाला असू शकतो, म्हणून तो तालुक्याला लागू करता येत नाही.’ पाठवलेल्या महिला वगळून काढलेला आकडाही मी खाली जोडला. तो पहिल्या मसुद्यातच असायला हवा होता.