स्नेहसंमेलनासाठी मुख्याध्यापकांचे स्वागतपर मनोगत कसे लिहावे

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक जे स्वागत वाचून दाखवतात, ते दोन मिनिटांपेक्षा लांबू नये. व्यासपीठावरचे वाचन संथ असते, म्हणून दीडशे ते दोनशे शब्द पुरेसे होतात. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत झाल्यानंतर हे वाचन असते आणि त्यामागून पाहुण्यांचा परिचय व अहवालवाचन येणार असते. त्यामुळे निकालाची टक्केवारी, स्पर्धांतील पारितोषिके आणि पाहुण्यांच्या पदव्या या मसुद्यात घालू नयेत.

खरे अवघड काम आहे ते नावांचे. अनेक नमुन्यांमध्ये आधी संबोधनात सर्वांची नावे येतात, मग स्वागत करताना तीच नावे पुन्हा येतात. एवढ्यात निम्मा वेळ संपतो आणि सभागृहात कुजबुज सुरू होते. माझे ठाम मत असे आहे की संबोधनात फक्त पदे घ्यावीत आणि नाव एकदाच, प्रत्यक्ष स्वागताच्या वाक्यात घ्यावे.

क्रम ठरवताना निमंत्रणपत्रिकेवर विसंबू नये, कारण ती छापून झाल्यावरही पाहुणे बदलतात. आधी समारंभाचे अध्यक्ष, नंतर प्रमुख पाहुणे, त्यानंतर खासगी शाळेत संस्थेचे पदाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आणि मग इतर मान्यवर, असा क्रम मी ठेवते. हाच क्रम खुर्च्यांच्या मांडणीत, पुष्पगुच्छ देणाऱ्या मुलांच्या रांगेत आणि सूत्रसंचालकाच्या कागदावरही असला पाहिजे. या चारांपैकी एकही वेगळा असला, तर नाव एकाचे उच्चारले जाते आणि गुच्छ घेतलेली मुलगी दुसऱ्याच खुर्चीपुढे जाऊन उभी राहते. यासाठी एकच यादी करावी आणि तिच्या प्रती सर्वांना द्याव्यात. नाव व पदनाम मात्र पाहुण्यांना किंवा त्यांच्या कार्यालयाला दूरध्वनी करून विचारूनच लिहावे. बदली किंवा बढती झालेल्या अधिकाऱ्याचे जुने पदनाम भर सभेत वाचले जाणे टाळता येण्यासारखे असते. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी एक ओळ कोरी ठेवावी, आणि न आलेल्यांचे नाव वाचनापूर्वी ठळकपणे खोडावे, कारण हातात माइक असताना कोण आले आणि कोण नाही हे मुख्याध्यापकांनी शोधत बसू नये.

नावानंतर त्या पाहुण्याचा शाळेशी असलेला खरा संबंध एका वाक्यात सांगावा. ‘थोर’, ‘आदर्श’, ‘दिलदार’ ही विशेषणे कोणालाही लावता येतात, म्हणून ती कोणालाच लागू पडत नाहीत. प्रमुख पाहुणे तालुका कृषी अधिकारी आहेत आणि मुलांच्या परसबागेला त्यांच्या कार्यालयाने मदत केली आहे, असे समजा. मसुदा असा होईल:

‘समारंभाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, पालक, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. अध्यक्षस्थानी असलेले माननीय … यांचे मी शाळेच्या वतीने स्वागत करते. प्रमुख पाहुणे, तालुका कृषी अधिकारी माननीय … यांचेही स्वागत. सातवीच्या मुलांनी यंदा शाळेमागे परसबाग केली, तेव्हा मातीची तपासणी कशी करावी हे त्यांच्या कार्यालयाने मुलांना शिकवले. त्या बागेतली मेथी मुलांनी दुपारच्या जेवणात खाल्ली आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष … आणि सर्व सदस्यांचे स्वागत. शेतातली आणि घरातली कामे आटोपून आलेल्या पालकांचे विशेष स्वागत. सुरुवातीला पहिलीची मुले नाचणार आहेत. ती लहान आहेत, म्हणून छायाचित्रे आपल्या जागेवरूनच घ्यावीत, ही विनंती. मुलांनो, तुम्ही मनापासून सराव केला आहे. कार्यक्रमाला सुरुवात करू या.’

पालकांना करायची सूचना येथेच सांगावी. कार्यक्रम रंगल्यावर ती कोणी ऐकत नाही.

वाचणारे मुख्याध्यापक पुरुष असतील तर ‘करते’ऐवजी ‘करतो’ लिहावे. गेल्या वर्षीचा मसुदा पुढे वापरताना हे नेमके राहून जाते. ‘मा.’, ‘श्री.’, ‘ता.’ अशी संक्षिप्त रूपे वाचनाच्या प्रतीत ठेवू नयेत. शाळेचे स्थापनावर्ष घेतलेच, तर १९६२ असे न लिहिता ‘एकोणीसशे बासष्ट’ असे अक्षरांत लिहावे, म्हणजे वाचणारा अडखळत नाही.

मोठ्या अक्षरात, दुप्पट ओळअंतराने, कागदाच्या एकाच बाजूला छापावे आणि वाक्य दुसऱ्या पानावर तुटू देऊ नये. दोन दिवस आधी मुख्याध्यापकांकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. जिथे श्वास पुरत नाही, ते वाक्य दोन करावे. जे आडनाव अडखळवते, त्याचा उच्चार त्या घरच्या माणसाला विचारून समासात लिहून ठेवावा.