हीटमधून फायनलला कोण जाणार? आंतर-हाऊस मैदानी स्पर्धा पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

या वर्षी एका दिवसाच्या आंतर-हाऊस स्पर्धांची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर फक्की, पाणी, मंडप, मेडल यांबद्दल मी काही सांगत नाही. ती कामं डोळ्यांना दिसतात आणि वेळेत होतात. स्पर्धेचा खरा घोळ कागदावर होतो, तोही सकाळी १०० मीटरच्या हीट संपल्या की लगेच. पालक चिडतात ते तिथे, आणि मुलं रडतात तीही तिथेच.

आमच्या साताऱ्यातल्या शाळेत चार हाऊस आहेत: अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड आणि वासोटा. प्रत्येक हाऊसमधून एका प्रकारात तीन मुली, म्हणजे बारा. मैदानावर सहा लेन बसतात, म्हणून दोन हीट. इथपर्यंत कुणाचं काही चुकत नाही. बारातल्या सहा जणी फायनलला कशा निवडायच्या, हे ठरवताना सापळा लागतो.

एका वर्षी बाहेरून मदतीला आलेल्या एका अनुभवी मार्गदर्शकांनी आम्हाला ‘शास्त्रोक्त’ पद्धत सुचवली. प्रत्येक हीटमधल्या पहिल्या दोघी थेट फायनलला, आणि उरलेल्यांपैकी सर्वात चांगल्या वेळेच्या दोघी. मोठ्या स्पर्धांत हेच चालतं, यात शंका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या हीटमध्ये चौथी आली होती. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता. ९ मिनिटं १९.७६ सेकंदांच्या राष्ट्रीय विक्रमी वेळेमुळे ती फायनलला गेली आणि तिथे दहावी आली. पण तिथे प्रत्येकीची वेळ यंत्र घेत होतं, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. आपल्याकडे घड्याळ सुरू होतं ते कुणाच्या तरी अंगठ्याने.

त्या वर्षी काय झालं ते आकड्यांनिशी सांगते, कारण नुसतं ‘वेळ नीट घ्या’ म्हणून ते कळत नाही. चौदा वर्षांखालील मुलींची १०० मीटर. पहिल्या हीटमध्ये तिसरीची वेळ घड्याळावर १४.८२ होती. हातघड्याळाची वेळ नेहमी पुढच्या दशांशावर न्यायची असते, म्हणून ती झाली १४.९. दुसऱ्या हीटमध्ये तिसरी १४.५४, म्हणजे १४.६, आणि चौथी १४.७३, म्हणजे १४.८. कागदाप्रमाणे दुसऱ्या हीटच्या दोघी आत आल्या आणि पहिल्या हीटची तिसरी बाहेर राहिली.

दोन्ही हीटना टाइमकीपर वेगळे होते. कुणी दमू नये म्हणून आलटून-पालटून उभे केलेले. नंतर मी दुसऱ्या हीटच्या सरांना विचारलं, “सर, घड्याळ कधी सुरू केलंत?”

“क्लॅपरचा आवाज आला तेव्हा,” ते म्हणाले.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टार्टर शंभर मीटर लांब उभा असतो, त्यामुळे आवाज फिनिशला पोहोचेपर्यंत सुमारे ०.३ सेकंद गेलेले असतात. पहिल्या हीटच्या मॅडमनी क्लॅपर मिटताना पाहून बटण दाबलं होतं. म्हणजे दुसऱ्या हीटची प्रत्येक वेळ सुमारे ०.३ने कमी लागली होती. तिथली चौथी खरं तर १५.०३च्या आसपास धावली होती, म्हणजे कागदावर १५.१. पहिल्या हीटची तिसरी तिच्यापेक्षा जोरात धावली होती आणि फायनल मंडपात बसून पाहत होती. सर प्रामाणिक होते, घड्याळही चांगलं होतं. ‘आवाज ऐकू नका, क्लॅपर बघा’ एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे: शाळेच्या स्पर्धेत वेळेवर निवड करूच नका. बारा मुली आणि दोन हीट असतील, तर प्रत्येकीतल्या पहिल्या तिघी घ्या. अठरा मुली आणि तीन हीट असतील, तर पहिल्या दोघी. प्रवेशिका मागवतानाच संख्या अशी ठेवा की भागाकार सुटेल. मग हीटला घड्याळ लागतच नाही, फिनिशला क्रम पाहणारे चार डोळस पंच पुरतात. मात्र हीट समतोल पाडाव्या लागतात. प्रत्येक हाऊसच्या क्रीडाशिक्षकाकडून त्यांच्या तिघींचा क्रम आधी घ्या. दोन हाऊसच्या पहिल्या क्रमांकाच्या मुली एका हीटमध्ये आणि उरलेल्या दोन हाऊसच्या दुसऱ्या हीटमध्ये टाका, मग बाकीच्या वाटा. चिठ्ठ्या फक्त लेनसाठी काढा.

प्रवेशिका वाढल्या आणि वेळेशिवाय गत्यंतर नसेल, तर घाबरू नका, तेही जमतं. दोन्ही हीटना तेच टाइमकीपर आणि तीच घड्याळं ठेवा. आणि सगळी घड्याळं पहिल्या मुलीवर लावू नका, कारण तिचा प्रवेश क्रमानेच झालेला असतो. वेळ हवी असते ती तिसरीची आणि चौथीची. एक जण तिसरीवर, एक जण चौथीवर, छाती रेषेवर आली की बंद. आदल्या दिवशी सगळ्यांना एकाच मुलीची वेळ घ्यायला लावा. एखाद्याची वेळ इतरांपेक्षा ०.२ किंवा ०.३ने कमी येत असेल, तर तो आवाजावर घड्याळ सुरू करतोय हे तिथेच कळतं.

वेळापत्रकाबद्दल थोडंच. २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत हीट आणि फायनल यांत किमान ४५ मिनिटं जाऊ द्या, त्याहून लांब शर्यतीला दीड तास. एका दिवसात ते बसत नाही, म्हणून ८०० मीटरला थेट फायनलच घ्या. १०० मीटरची फायनल चालू असताना लांब उडी चालूच राहते. दोन्हीकडे नाव असलेल्या मुलीला त्या फेरीत आधी उडी मारू द्या, हे लांब उडीच्या पंचांना सकाळीच सांगून ठेवा. नाहीतर ते तिला सरळ बाद करतात.

आता गुणतक्ता. इंटरनेटवरून उतरवलेले रंगीत तक्ते मला अजिबात आवडत नाहीत. त्यातली सूत्रं कुणी तपासलेली नसतात. साध्या फूलस्केपवर उभ्या रकान्यात चार हाऊस, आडव्या ओळीत एकेक प्रकार, आणि शेवटी एक जादा रकाना ‘एकूण’ म्हणून. आमचे गुण ५-३-१, रिलेला दुप्पट. म्हणजे वैयक्तिक प्रकाराच्या ओळीची बेरीज ९ आणि रिलेच्या ओळीची १८ आलीच पाहिजे. बारा वैयक्तिक प्रकार आणि दोन रिले असतील, तर चारही हाऊसची मिळून बेरीज १०८ अधिक ३६, म्हणजे १४४.

ही बेरीज दुपारी जेवणाआधी एकदा करा, कारण चूक बहुधा उंच उडीत लपलेली असते. दोघी १.२० मीटरवर थांबल्या, तर ती उंची कुणी कमी प्रयत्नांत पार केली ते बघायचं. तेही सारखं असेल, तर तोवरचे एकूण चुकलेले प्रयत्न मोजायचे. तरीही बरोबरी राहिली आणि जागा दुसरी असेल, तर दोघी दुसऱ्याच राहतात. पुन्हा उडी फक्त पहिल्या जागेसाठी असते. अशा वेळी रेकॉर्डर हमखास दोघींना तीन-तीन गुण लावतो आणि त्यांच्यामागच्या मुलीलाही एक देतो. ओळ होते १२ आणि शेवटचा आकडा १४७. बरोबर हिशेब असा: दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेचे मिळून चार गुण, दोघींना दोन-दोन, आणि मागची मुलगी चौथी, म्हणून तिला शून्य. तीन गुणांचा हा फरक दोन हाऊसमधली ढाल इकडची तिकडे करतो. बेरीज १४४ येईपर्यंत माइक कुणाच्याही हातात देऊ नका, प्रमुख पाहुणे निघायची घाई करत असले तरी.