या चुका टाळा: केसाळ मांजर दिसलं की ‘पर्शियन’ म्हणू नका

लातूरला माझ्याकडे मांजरं अंघोळीला आणि केस विंचरायला येतात. दारातून आत येतानाच बहुतेक जण सांगतात, “ताई, आमचं पर्शियन आहे.” मांजर पिशवीतून बाहेर काढलं की पाच मिनिटांत मला कळतं की ते आपल्या गल्लीतलंच आहे, फक्त केस लांब आहेत. त्यात मांजराचा काही दोष नाही. पण याच गैरसमजापायी लोक दहा-पंधरा हजार रुपये मोजतात आणि नंतर मांजराला नको ती औषधं पाजतात, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केसांवरून जात ठरवणं. लांब केस ही काही पर्शियनची मिरासदारी नाही. लांब केसांचा गुण दबून राहणारा असतो. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिल्लाचे केस लांब होतात. दोघेही आखूड केसांचे असले, पण दोघांच्या अंगात हा गुण लपलेला असला, तरी सरासरी चारातलं एक पिल्लू केसाळ निघतं. म्हणून पत्र्यावर फिरणाऱ्या साध्या भाटीच्या पोटी अचानक एक झुबकेदार शेपटीचं पिल्लू जन्मतं आणि शेजारीपाजारी म्हणतात, “कुठला तरी पर्शियन बोका येऊन गेला.” खरं तर अस्सल पर्शियन बोका साध्या भाटीला लागला आणि तिच्यात तो गुण नसला, तर सगळी पिल्लं आखूड केसांचीच होतात. तेव्हा नुसत्या केसांवरून बापाचा पत्ता लागत नाही.

मागच्या डिसेंबरात एक शिक्षक दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घेऊन आले. चौदा हजाराला घेतलेलं, पांढरंशुभ्र, कापसाच्या बोंडासारखं. विकणाऱ्यानं ‘डॉल फेस पर्शियन’ म्हणून दिलं होतं. मी पिल्लाला कडेनं धरून बघितलं आणि म्हटलं, “सर, हे थोडं मोठं होऊ द्या, मग बोलू.” त्यांना ते आवडलं नाही. एप्रिलमध्ये तेच सर घाबरून आले. पिल्लू वाळलं, केस झडले, तोंड लांबट झालं, पाय काटकुळे दिसायला लागले. तीन महिने ते त्याला केसांसाठीची टॉनिकं आणि जंताची औषधं पुन्हा पुन्हा देत होते.

मी त्याला कोमट पाण्यात भिजवलं. ओलं मांजर खोटं बोलत नाही. केस अंगाला चिकटले आणि खालून निघालं ते आपलं सडसडीत घरगुती मांजर: लांब पाय, अरुंद छाती, मोठे टोकदार कान आणि पुढे आलेलं तोंड. अंगावर आजाराची एकही खूण नव्हती. झडले होते ते पिल्लूपणीचे मऊ केस. लहान पिल्लं सगळीच फुगीर दिसतात, डोकं गोल असतं आणि नाक आखूड असतं. चार ते सहा महिन्यांत ती लव जाते, हाडं लांबतात आणि खरा साचा दिसतो. त्यातून आपल्याकडचा मार्च-एप्रिल म्हणजे केस गळायचेच दिवस. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाची जात नुसत्या नजरेनं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. घाई असेल तर पिल्लाची आई बघायला मागा. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करत असेल तर मी तरी तिथून उठते.

‘डॉल फेस’ या शब्दाचा तर पार चुथडा झाला आहे. पर्शियनमध्ये नाक फार दबलेली मांजरं असतात, त्यांना बाजारात ‘पंच फेस’ म्हणतात. ज्यांचं नाक थोडं लांब असतं ती ‘डॉल फेस’. ही जुन्या वळणाची पर्शियनं खरीच असतात. पण नाक लांब दिसलं की कुठल्याही केसाळ मांजराला हे नाव चिकटवतात आणि इथेच लोक फसतात. फरक नाकाच्या लांबीत कमी आणि बाकीच्या चेहऱ्यात जास्त असतो.

माझी सवय अशी आहे. मांजर टेबलावर उभं करून आधी कडेनं बघते. कपाळावरून बोट खाली आणलं की पर्शियनच्या डोळ्यांच्या मधोमध ते खाचेत अडकतं, मग नाक सुरू होतं. डॉल फेसमध्ये ही खाच उथळ असते, पण असते. घरगुती मांजराच्या कपाळावरून बोट हलका उतार घेत सरळ नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरत जातं. मग समोरून कान बघते. पर्शियनचे कान लहान, टोकाला गोलसर, एकमेकांपासून लांब आणि किंचित पुढे झुकलेले असतात. डोळे मोठे आणि गोल, घरगुती मांजराचे बहुतेकदा बदामी आणि जरा तिरके.

त्यानंतर हात पोटाखाली घालून उचलते. पर्शियन ठेंगणं, रुंद छातीचं, जाड हाडांचं असतं, पाय आखूड खांबांसारखे आणि शेपटी अंगाच्या मानानं आखूड. शेवटी कुशीवरचे केस बोटांनी फाकवते. पर्शियनमध्ये खाली दाट लव असते, कातडी पटकन दिसत नाही आणि केस अंगभर लांब असतात. घरगुती केसाळ मांजराचे केस शेपटी, मांड्या आणि मानेवर लांब, तर पाठीवर आणि खांद्यावर आखूड, रेशमी असतात. मे महिन्यात मात्र या खुणेवर भिस्त ठेवू नका, तेव्हा सगळ्यांचाच कोट विरळ होतो.

एक फसवी गोष्ट आणखी. नसबंदी न केलेल्या मोठ्या बोक्याचे गाल सुटतात आणि तोंड थोराड, गोल दिसतं. तो पर्शियनचा गोलवा नव्हे. गाल बाजूला धरून नाकाची खाच बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात. निळे डोळे किंवा पांढरा रंग ही जातीची खूण नाही. कानाच्या टोकावर केसांचे झुबके दिसले म्हणून मांजर मेन कून या थोराड जातीचं होत नाही, त्याला चौकोनी थोराड मुस्कट आणि लांब, वजनदार शरीर लागतं आणि ते पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं लागतात. किंमत जास्त घेतली म्हणून मांजर अस्सल ठरत नाही. आणि फोटोवरून मला विचारू नका.

एवढं सगळं बघूनही मी “पर्शियन नाही” हे खात्रीनं सांगू शकते, “शुद्ध पर्शियन आहे” हे नाही. ते वंशावळीच्या कागदावरूनच ठरतं आणि आपल्याकडच्या बहुतेक मांजरांना तो कागद नसतो. तरीही फरक कळणं गरजेचं आहे. चपट्या नाकाचं मांजर लातूरच्या उन्हात लवकर धापा टाकतं, त्याला दुपारी कूलरची गार खोली लागते. त्याचे डोळे गळतात, ते रोज पुसावे लागतात. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही आढळतो, तो आई किंवा बाप एकाकडून आला तरी पिल्लाला होऊ शकतो. त्यासाठी जनुकाची चाचणी आणि वर्षभराचं झाल्यावर सोनोग्राफी करून घ्यावी.

सरांच्या मांजराला यातलं काही लागलं नाही. टॉनिकं बंद केली, आठवड्यातून दोनदा शेपटी आणि मांड्या विंचरायला सांगितल्या. गेल्या महिन्यात ते पुन्हा आलं, चार किलोचं, खणखणीत. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे आता लिहिलं आहे: घरगुती, केसाळ.