पॉडकास्टच्या संहितेतील लेखी वाक्ये बोलण्याजोगी कशी करावीत

कागदावर निर्दोष दिसणारे वाक्य माइकसमोर वाचताना जड का होते, याचे उत्तर शब्दांपेक्षा मराठी वाक्याच्या घडणीत अधिक सापडते. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि क्रियापद शेवटी येते. त्यामुळे लिहिताना आपण ‘-लेल्या’, ‘-णाऱ्या’ अशा रूपांची रांग लावून सगळा तपशील नामाच्या पुढ्यात रचत जातो. वाचकाला नजर मागे नेता येते, परंतु गर्दीच्या लोकलमध्ये इअरफोन घालून ऐकणाऱ्याला ती सोय नसते. कोणाविषयी बोलणे चालले आहे हे कळेपर्यंत त्याला सर्व तपशील डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात पुढच्या स्थानकाची उद्घोषणा झाली तर सगळेच निसटते.

मुंबईच्या रेल्वेवरील एखाद्या भागासाठी लिहिलेले पुढील वाक्य उदाहरणादाखल घेऊ.

“१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदर (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) येथून ठाण्याकडे रवाना झालेल्या, साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी ओढल्या जाणाऱ्या, १४ डब्यांच्या आणि सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन निघालेल्या भारतातील पहिल्या प्रवासी रेल्वेगाडीस २१ तोफांची सलामी देण्यात आली.”

व्याकरणदृष्ट्या यात काहीही चुकलेले नाही. तरीही पहिले काम म्हणून हे वाक्य पुटपुटत नव्हे, तर रेकॉर्डिंगच्या वेळचा आवाज लावून वाचावे, फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि कागद बाजूला ठेवून ऐकावे. जिथे श्वास मध्येच घ्यावा लागला, जिथे जीभ अडली आणि जिथे आवाज एकसुरी झाला, तिथे नंतर पेन्सिलने खूण करावी. या वाक्यात पहिली अडचण कंसापाशी येते, कारण कंस ऐकू येत नाही. दुसरी अडचण इंजिनांच्या नावांशी येते: ‘साहिब’ हे इंजिनाचे नाव आहे हे ऐकणाऱ्याला ते उच्चारल्यावर कळते, आधी नाही. खरी अडचण मात्र तिसरी आहे. ज्या गाडीविषयी हे सारे सांगायचे आहे, ती ३७ शब्दांनंतर अवतरते.

म्हणून दुसऱ्या पायरीत गाडी पुढे आणावी आणि रांगेतील प्रत्येक ‘-लेल्या’ व ‘-णाऱ्या’ला स्वतःचे क्रियापद द्यावे. ‘रवाना झालेल्या’चे ‘सुटली’ होईल, ‘ओढल्या जाणाऱ्या’चे ‘ओढायला तीन इंजिनं होती’ होईल. कंसातील मजकूर महत्त्वाचा असेल तर त्याला वेगळे वाक्य मिळावे, नसेल तर तो काढून टाकावा. ‘देण्यात आली’ यासारखी रचना दिसली की ती कृती कोणी केली हे स्वतःला विचारावे. कर्ता माहीत असेल तर त्याचे नाव घ्यावे. माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर क्रियापद बदलावे. तोफांची सलामी मराठीत ‘झडते’, आणि तिथे कर्ता लागतच नाही.

तिसरी पायरी आकड्यांची. या एका वाक्यात तारीख, साल, वेळ, इंजिने, डबे, पाहुणे आणि तोफा असे सात ठिकाणी आकडे आहेत. एवढे आकडे कान एका दमात ठेवू शकत नाही, त्यामुळे या भागासाठी आवश्यक कोणते हे लेखकानेच ठरवावे. मी येथे डब्यांची संख्या गाळेन, कारण तीन इंजिने हा तपशील गाडीचा थाट अधिक चांगला सांगतो. उरलेले आकडे अक्षरी लिहावेत, म्हणजे ‘अठराशे त्रेपन्न’ वाचताना अडखळायला होत नाही. अंदाज सांगणारी रूपे मात्र जपून वापरावीत: ‘चारशेएक पाहुणे’ हे लिहिलेले पाहून अर्थ कळतो, पण कानाला ते नेमके ४०१ वाटू शकतात. तिथे ‘जवळपास चारशे’ हेच बरे.

चौथी पायरी शब्दांच्या शेवटांची आहे आणि सर्वाधिक घाईही तिथेच होते. लेखी मराठीतील ‘झाले’, ‘त्यांचे’, ‘इंजिने’ ही रूपे बोलताना ‘झालं’, ‘त्यांचं’, ‘इंजिनं’ अशी होतात, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून काही जण संगणकावर सरसकट ‘ए’ काढून अनुस्वार देतात. हे चुकीचे आहे, कारण हा बदल नपुंसकलिंगी रूपांत होतो. पुल्लिंगी अनेकवचनात होत नाही. ‘काम झाले’ याचे ‘काम झालं’ होते, पण ‘डबे जोडले होते’ हे बोलतानाही तसेच राहते. ‘त्यांचे घर’ बदलते, ‘त्यांचे मित्र’ बदलत नाही. ‘त्याने’ याचे ‘त्यानं’ करावे की नाही, हे निवेदकाच्या बोलण्यावर सोडावे. ज्याच्या तोंडी ‘त्याने’ आहे त्याला ‘त्यानं’ लिहून दिले तर ते उसने वाटते. या पायरीत शोध-बदलाचा आधार न घेता प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा.

याच फेरीत ‘सदर’, ‘वरील’, ‘अनुक्रमे’ हे शब्दही शोधावेत. ऐकण्यात ‘वर’ काही नसते, आणि ‘अनुक्रमे’ म्हटल्यावर आधीच्या दोन याद्या जुळवणे कोणालाही जमत नाही. ‘ती’ किंवा ‘तो’ या सर्वनामांऐवजी नाम पुन्हा घेतले तरी चालते. लेखनात खटकणारी पुनरुक्ती ऐकताना उपयोगी पडते.

आता तेच वाक्य असे होते:

“अठराशे त्रेपन्नचा एप्रिल महिना. सोळा तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली, बोरीबंदरहून. आज जिथे सीएसएमटी आहे, तिथून. जायचं होतं ठाण्याला. गाडीत जवळपास चारशे पाहुणे होते आणि गाडी ओढायला एक नाही, तीन इंजिनं होती. त्या इंजिनांना नावंही होती: साहिब, सिंध आणि सुलतान. गाडी निघाली आणि एकवीस तोफांची सलामी झडली.”

‘सुटली’ या क्रियापदानंतर ‘बोरीबंदरहून’ आले आहे याकडे लक्ष द्यावे. बोलताना आपण मुख्य गोष्ट सांगून टाकतो आणि ठिकाण, वेळ किंवा कारण क्रियापदामागून जोडतो. ही मोडतोड परिच्छेदात एकदोनदाच करावी, कारण प्रत्येक वाक्य अशा रीतीने उलटले तर ती लकब होऊन बसते. तोच नियम तुकड्यांचा आहे. सगळी वाक्ये तीन-चार शब्दांची केली की निवेदन यादीसारखे ऐकू येते. म्हणून पाहुणे आणि इंजिने ‘आणि’ने जोडलेली ठेवली आहेत. ‘तर मित्रांनो’, ‘बरं का’ अशी भर घालून वाक्य बोलके होत नाही. वाक्याची घडण जड असेल तर अशा शब्दांनी ते फक्त लांबते.

जुनी पत्रे, सरकारी आदेश किंवा कायद्याची कलमे यांतील उतारे मात्र बदलू नयेत. उतारा वाचण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे सांगावे, तो शक्य तितका लहान ठेवावा आणि लगेच त्याचा अर्थ आपल्या वाक्यात द्यावा.

शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाच्या कानांनी होते. संहिता न दाखवता परिच्छेद एकदाच वाचून दाखवावा आणि काय कळले ते सांगायला सांगावे. ऐकणाऱ्याने “ठाण्याची पहिली गाडी, तीन इंजिनं होती तिला” एवढे सांगितले तर परिच्छेद उतरला आहे. त्याने साल चुकवले तर चिंता नको. ते पुढे एकदा पुन्हा घेता येते. परंतु सलामी कशाला झडली, असे त्याने विचारले, तर दुसऱ्या पायरीत गाडी अजून पुरेशी पुढे आलेली नाही, आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करावी.