न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर? मोठ्या ताऱ्याचा शेवट कसा ओळखावा

सूर्याच्या आठपट ते पंचवीसपट वजनाचा तारा असेल तर शेवटी न्यूट्रॉन तारा उरतो, त्याहून जड असेल तर कृष्णविवर, असं सोपं कोष्टक बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं. पहिला अंदाज बांधायला ते चालतं. पण एखाद्या ठरावीक ताऱ्याचं काय होईल हे त्यावरून सांगायला गेलो, की ते फसवतं. जन्माच्या वेळी जवळपास सारख्याच वजनाचे दोन तारे वेगवेगळे शेवट गाठू शकतात. निकाल लागतो तो गाभा कोसळल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत, आणि तो कशावर लागतो हे टप्प्याटप्प्याने तपासता येतं.

पायरी 1: ताऱ्याचं वजन बाजूला ठेवा, गाभ्याचं धरा

सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा घेऊ. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपायला 80-90 लाख वर्षं लागतात. मग हेलियम जळतं, त्याला काही लाख वर्षं पुरतात. पुढे मात्र घाई सुरू होते. कार्बन काही शतकं टिकतो, ऑक्सिजन काही महिने, आणि सिलिकॉन जळून त्याचं लोखंड व्हायला जेमतेम काही दिवस.

लोखंडापाशी ही साखळी तुटते, कारण लोखंडाच्या केंद्रकांचं संमीलन करून ऊर्जा मिळत नाही. आता मधोमध लोखंडाचा गोळा असतो, साधारण पृथ्वीच्या आकाराच्या जवळपास जाणारा, आणि त्याचं वजन सूर्याच्या दीडपट. जळणं थांबलं तरी तो लगेच कोसळत नाही, कारण दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन अजून त्याला तोलून धरतात. या आधाराला मर्यादा आहे, तीच चंद्रशेखर मर्यादा, सुमारे 1.4 सौर वस्तुमान. गाभा गरम असल्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी पुढे सरकते. वर सिलिकॉन जळतच असतं, लोखंडाची भर पडत राहते आणि एका क्षणी आधार सुटतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. दहा सूर्यांचा तारा असो वा तीस सूर्यांचा, कोसळणारा लोखंडी गाभा साधारण 1.3 ते 2 सौर वस्तुमानांच्या आतच असतो. त्यामुळे निव्वळ गाभ्याच्या वजनावरून निकाल लागत नाही. पुढे जावं लागतं.

पायरी 2: कोसळण्याचा पहिला सेकंद सावकाश बघा

आधार सुटल्यावर दोन गोष्टी एकदम घडतात. प्रचंड उष्णतेने लोखंडाची केंद्रकं फुटतात आणि त्यात उष्णता खर्ची पडते. शिवाय इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये शिरून न्यूट्रॉन बनतात, म्हणजे जे गाभ्याला तोलत होते तेच नाहीसे होऊ लागतात. काही हजार किलोमीटरचा गाभा अर्ध्या सेकंदाच्याही आत काही दहा किलोमीटरवर येतो.

आतल्या भागाची घनता अणुकेंद्रकाइतकी झाली की तो एकाएकी कडक होतो. आत येणारं द्रव्य त्यावर आपटतं, उसळतं आणि बाहेरच्या दिशेने धक्कालहर निघते. ही लहरच तारा उडवून देते असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. वाटेत येणारं लोखंड फोडता फोडता तिची शक्ती संपते आणि केंद्रापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर ती अडकून पडते. बाहेरून द्रव्याचा मारा चालूच असतो.

मला या सगळ्या विषयात हाच क्षण सर्वांत विलक्षण वाटतो. बाहेर, कोट्यवधी किलोमीटर पसरलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागाला अजून काहीच कळलेलं नसतं. तारा आदल्या दिवशीसारखाच दिसत असतो आणि आत त्याचा निकाल लागत असतो.

पायरी 3: तागडीत दोन्ही बाजू घाला

अडकलेल्या लहरीच्या आत नुकताच जन्मलेला, तापलेला न्यूट्रॉन तारा असतो. त्यातून न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण बाहेर पडतात. कोसळण्यातून मोकळी झालेली जवळजवळ 99 टक्के ऊर्जा त्यांच्यामार्फत निघून जाते. न्यूट्रिनो सहसा कशालाच अडत नाहीत, पण इथे द्रव्य इतकं दाट असतं की त्यांचा थोडासा भाग लहरीमागच्या थरात शोषला जातो. तो थर तापतो, उकळल्यासारखा ढवळला जातो आणि लहरीला बाहेर रेटतो. दिसणाऱ्या स्फोटाला एकूण ऊर्जेचा शंभरावा हिस्सासुद्धा पुरतो.

दुसऱ्या पारड्यात वरून कोसळणारं द्रव्य. ते लहर दाबून धरतं आणि आतल्या न्यूट्रॉन ताऱ्याचं वजनही वाढवत राहतं. न्यूट्रॉन तारा किती वजन पेलतो? मोजलेल्या सर्वांत जड ताऱ्यांपैकी PSR J0740+6620 सुमारे 2.1 सौर वस्तुमानांचा आहे, आणि मर्यादा 2.2 च्या आसपास असावी असा कयास आहे.

आता ढोबळ हिशेब करून बघा. सुरुवातीचा गाभा 1.5, मर्यादा 2.2, म्हणजे शिल्लक जागा 0.7. द्रव्य सेकंदाला अर्ध्या सूर्याच्या गतीने पडत राहिलं, तर 1.4 सेकंदांत जागा भरते. तेवढ्यात लहर सुटली नाही तर कृष्णविवर. उलट, 0.3 सेकंदांनी हा मारा एकदम घटून सेकंदाला 0.1 सूर्यावर आला, तर तोवर 0.15 भर पडलेली असते आणि उरलेली 0.55 भरायला आणखी साडेपाच सेकंद मिळतात. दाब हलका झाल्याने लहर त्याच्या कितीतरी आधी निसटते. तापलेला कोवळा न्यूट्रॉन तारा थोडं जास्त वजन पेलतो, म्हणून हे आकडे थोडे पुढेमागे होतील. पण प्रश्न आता स्पष्ट झाला: मारा किती वेळ टिकतो?

पायरी 4: गाभ्याबाहेरचा उतार तपासा

याचं उत्तर लोखंडाच्या लगत बाहेर असलेल्या सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या थरांत आहे. ऑक्सिजनच्या थराच्या सीमेवर घनता एकदम खाली येत असेल, तर ती सीमा लहरीपाशी पोचताच मारा कमी होतो. उतार हळूहळू असेल तर मारा लांबतो.

हे एका आकड्यात मांडायची रीत ओकॉनर आणि ऑट या संशोधकांनी 2011 मध्ये सुचवली. केंद्रापासून 2.5 सौर वस्तुमान द्रव्य किती त्रिज्येत मावतं ते बघायचं आणि 2.5 ला त्या त्रिज्येने भागायचं, त्रिज्या हजार किलोमीटरच्या मापात धरून:

```
ξ = 2.5 / (R / 1000 km)
```

तेवढं द्रव्य 10,000 किलोमीटरमध्ये पसरलं असेल तर उत्तर 0.25 येतं, 4,000 किलोमीटरमध्ये दाटलं असेल तर 0.625. त्यांच्या गणितात साधारण 0.45 च्या वर कृष्णविवराची शक्यता दाट होती.

मजेशीर भाग असा की हा आकडा ताऱ्याच्या वजनाबरोबर सरळ चढत जात नाही. वीस सूर्यांच्या आसपास कार्बन जळण्याची तऱ्हाच बदलते: हलक्या ताऱ्यांत ते ढवळत जळतं, जड ताऱ्यांत ढवळणं बंद पडतं आणि गाभ्याची घडण वेगळी होते. त्यामुळे आकडा वर-खाली होतो. पंधरा सूर्यांच्या खाली बहुतेक तारे स्फोट पावतात, पण पुढे स्फोटाचे आणि अपयशाचे पट्टे एकाआड एक येतात. जन्मवजनाचं कोष्टक फसतं ते इथे. त्यातच जोरदार वाऱ्याने किंवा शेजारच्या जोडीदार ताऱ्याने बाहेरचे थर ओढून नेले असतील, तर आतली मांडणी आणखी बदलते.

या आकड्याची मर्यादाही ध्यानात घ्या. जास्त द्रव्य कोसळलं की न्यूट्रिनोही जास्त निघतात, म्हणजे स्फोटाच्या बाजूच्या पारड्यातही भर पडते. त्रिमितीय संगणकीय प्रतिकृती करणाऱ्या काही गटांना दाट ताऱ्यांतही स्फोट होताना दिसले आहेत. तेव्हा 0.45 ही पक्की भिंत मानू नका. शिवाय स्फोट झाला तरी तो दुबळा असेल तर बरंच द्रव्य मागे पडतं आणि न्यूट्रॉन तारा काही काळाने कृष्णविवरात जातो.

पायरी 5: झालेल्या घटनेवर पडताळा घ्या

यासाठी 23 फेब्रुवारी 1987 ची घटना घ्या. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे 1,68,000 प्रकाशवर्षांवर, सँडुलिक -69 202 हा निळा महातारा फुटला. त्याचं मूळ वजन वीस सूर्यांच्या आसपास मानलं जातं, म्हणजे नेमकं अडचणीच्या पट्ट्यात.

प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपानच्या कामिओकांदे शोधकात 11 न्यूट्रिनो नोंदले गेले. अमेरिकेतल्या आयएमबी शोधकात 8 आणि रशियातल्या बाक्सानमध्ये 5. कामिओकांदेच्या वेळा कागदावर एका रेषेत मांडून बघा. पहिले आठ दोन सेकंदांच्या आत येतात, मग सात सेकंदांहून मोठी शांतता, आणि 9.2 ते 12.4 सेकंदांदरम्यान शेवटचे तीन. ती शांतता बघून प्रवाह थांबला होता का, अशी शंका येते. आता पहिल्या नोंदी जुळवून आयएमबीच्या वेळा त्याच रेषेवर टाका. त्यातल्या तीन, 2.7, 5.0 आणि 5.6 सेकंदांच्या, बरोबर त्या मोकळ्या जागेत पडतात. पोकळी निव्वळ नोंदी थोड्या असल्यामुळे होती, प्रवाह चालूच होता.

याचा अर्थ काय? कृष्णविवर झालं असतं तर न्यूट्रिनो निघणारा पृष्ठभागच कृष्णविवराच्या क्षितिजाआड गेला असता आणि प्रवाह कापल्यासारखा थांबला असता. इथे तो दहा सेकंदांहून अधिक काळ विझत गेला. म्हणजे तेवढा वेळ तरी न्यूट्रॉन तारा जिवंत होता. नंतर मागे पडलेल्या द्रव्याने तो गिळला गेला का, हे न्यूट्रिनो सांगू शकत नाहीत. त्यासाठी 2024 पर्यंत थांबावं लागलं. जेम्स वेब दुर्बिणीला अवशेषाच्या मधोमध आयनीभूत आर्गॉन आणि गंधक सापडलं. ते तसं व्हायला आत तीव्र किरणांचा उगम हवा, आणि न्यूट्रॉन ताऱ्याशी तो जुळतो.

उलट बाजूचं उदाहरण NGC 6946 दीर्घिकेत आहे. तिथला सुमारे 25 सूर्यांचा एक तांबडा महातारा 2009 मध्ये काही महिने उजळला आणि मग दृश्य प्रकाशात दिसेनासा झाला. नेहमीचा अतिनवतारा झालाच नाही. हा अपयशी स्फोट, थेट कृष्णविवर, असं वाटलं होतं. पुढे वेब दुर्बिणीने तिथे अवरक्त प्रकाश टिपला, त्यामुळे दोन ताऱ्यांची टक्कर होऊन धुळीत झाकलं गेलेलं प्रकरण, अशीही शक्यता पुढे आली. नुसतं दिसेनासं होणं पुरावा म्हणून पुरत नाही, हे यातून कळतं.

मृग तारकासमूहातल्या तांबूस काक्षीला हीच तपासणी लावून बघा. पहिल्याच पायरीला अडाल, कारण गाभ्याचे थर बाहेरून दिसत नाहीत. पृष्ठभागाच्या तेजावरून काढलेलं वजन पुन्हा वीस सूर्यांच्या आतबाहेरच येतं. तो कधी फुटला तर उत्तर सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो शोधकातल्या 50,000 टन पाण्यातून मिळेल. तेव्हा नोंदी 11 नसतील, त्यांचा पूर येईल, आणि त्या आलेखाचं शेपूट दहा-वीस सेकंद विझत गेलं की मध्येच तुटलं एवढंच पाहायचं असेल.