सॉक्सलेटनं सेवेतलं फॅट काढताना या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात आमच्या इंदूरच्या लॅबमध्ये एकाच लौंग सेवेच्या पाकिटातून फॅटचे तीन आकडे आले, 31.5 टक्के, 38.9 टक्के आणि 36.7 टक्के. खरा तिसरा होता. पहिले दोन का चुकले ते नीट सांगते, कारण इकडे नमकीनचं टेस्टिंग करणाऱ्या बऱ्याच जणांना हाच त्रास होतो आणि दोष सॅम्पलला दिला जातो.

सॉक्सलेटमध्ये सॉल्व्हंट उकळतो, त्याची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन सॅम्पलवर ठिबकते आणि फॅट विरघळवून खाली फ्लास्कमध्ये नेते. आधी सॉल्व्हंट. डायइथिल इथर फॅट झटकन ओढतो म्हणून काही जण तोच घेतात, पण तो उकळतो 34.6 डिग्रीला आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टंकीतलं पाणी दुपारी त्याहून गरम असतं, मग कंडेन्सरमध्ये वाफ थंड व्हायची कशी? शिवाय तो थोडं पाणी धरतो, म्हणजे सॅम्पल नीट वाळलेलं नसेल किंवा चिवड्यासारखं साखर घातलेलं असेल तर फॅटबरोबर बाकीचंही थोडं फ्लास्कमध्ये उतरतं, आणि उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीत पेरॉक्साइड होतात, ती आटवताना स्फोटाचा धोका असतो तो वेगळाच. आम्ही 40 ते 60 डिग्रीला उकळणारा पेट्रोलियम इथर वापरतो. उन्हाळ्यात हेक्सेन जास्त सोयीचं पडतं कारण ते 69 ला उकळतं, फक्त वाफ श्वासात जाता कामा नये, फ्यूम हूडमध्येच लावा. कोणतंही घ्या, नवी बाटली उघडली की 150 मिली आटवून बघा, मागे एखाद्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहत असेल तर ती बाटली या कामाची नाही.

आता 31.5 कसं आलं ते. टंकीचं पाणी गरम, कंडेन्सरच्या वरच्या तोंडाला वास यायला लागला म्हणून आमच्या ज्युनिअरने हीटर कमी केला, वास थांबला पण सायफन पडायला, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर भरून सॉल्व्हंट एकदम खाली फ्लास्कमध्ये उतरायला, पस्तीस-पस्तीस मिनिटं लागायला लागली आणि त्याने ठरलेल्या चार तासांनी सेट बंद केला. म्हणजे मोजून सात सायफन! सॉक्सलेटमध्ये तास मोजून भागत नाही, सायफन मोजावे लागतात. आमच्या 100 मिलीच्या एक्स्ट्रॅक्टरला सेकंदाला दोन-तीन थेंब पडले की साधारण 13 मिनिटांत सायफन होतो, सहा तासांत सत्तावीस-अठ्ठावीस, आणि सेवेला तेवढे पुरतात. उगाच हीटर वाढवून पाच मिनिटांवर आणायचं नाही, वाफ कंडेन्सरला झेपत नाही, सॉल्व्हंट उडतो, आणि सॅम्पल भिजायला वेळच मिळत नाही. खरा इलाज पाणी थंड करायचा आहे, आम्ही बादलीत बर्फ टाकून कूलरचा छोटा पंप लावला आणि तेच पाणी फिरवलं.

झालं की नाही हे कळायला सायफनमधून येणारा थेंब फिल्टर पेपरवर घ्या, सुकल्यावर तेलकट डाग राहिला तर अजून चालवा. आणि थिंबल, म्हणजे सॅम्पल ठेवायची कागदी नळी, गच्च भरू नका, सायफनच्या वळणाच्या वर गेलेलं सॅम्पल सॉल्व्हंटमध्ये बुडतच नाही. सेव मिक्सरमध्ये तेलामुळे गोळा होते, वाळलेली स्वच्छ वाळू मिसळून कुटली की मोकळी राहते.

38.9 वजन करताना आलं. सॅम्पल 5.020 ग्रॅम, रिकामा फ्लास्क 108.412, उकळीचे खडे धरून (खडे आधीच टाकून वजन घ्यायचं, नंतर टाकले तर तेही फॅटमध्ये मोजले जातात). सॉल्व्हंट आटवल्यावर ज्युनिअरने फ्लास्क ओव्हनमध्ये जेमतेम वीस मिनिटं ठेवला आणि वजन घेतलं, 110.367. नाकाजवळ नेला तर इथरचा वास येत होता. मी परत 100 डिग्रीला अर्धा तास ठेवायला सांगितलं, डेसिकेटरमध्ये पूर्ण गार करून 110.259, पुढच्या अर्ध्या तासाने 110.254, मग 110.253. दोन वजनांत एक-दोन मिलिग्रॅमचाच फरक उरला की थांबायचं. फॅट 1.841 ग्रॅम, म्हणजे 36.7 टक्के.

तो फ्लास्क आम्ही मुद्दाम रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून पाहिला, सकाळी 110.268 झाला होता. तेल हवेतला ऑक्सिजन धरतं आणि वजन वाढायला लागतं, म्हणून सगळ्यात कमी आलेलं वजन धरायचं. उलट गरम फ्लास्क तोलला तर आजूबाजूची हवा वर जाते आणि वजन कमी दिसतं, त्यामुळे ते कमी वजन धरून चालत नाही, आधी गार होऊ द्या.

अजून एक, सॉल्व्हंट वॉटर बाथवर पूर्ण गेल्याशिवाय फ्लास्क ओव्हनमध्ये घालायचाच नाही, सॉल्व्हंटची वाफ गरम कॉइलवर गेली की आग लागते.

आणि ही पद्धत तळलेल्या सेवेसाठी चालते कारण तिथलं तेल मोकळं असतं, पाव किंवा दूध पावडर असेल तर स्टार्च-प्रोटीनमध्ये अडकलेलं फॅट यातून पूर्ण येत नाही, त्यांना आधी ॲसिड हायड्रोलिसिस लागतं.