जपानी मालिका बघताना खालची ओळ इंग्रजी नको

हा लेख आहे एन५ च्या आसपास पोचलेल्या आणि एन४ चा विचार करणाऱ्या पुण्यातल्या जपानीच्या विद्यार्थ्यांसाठी. हिरागाना-काताकाना अजून अडखळत वाचत असाल तर आधी ते पक्कं करा. सबटायटल दोन-तीन सेकंदांत निघून जातं, अक्षरं जुळवत बसायला तेवढा वेळ पुरत नाही.

मालिका निवडा. ती मुळात जपानीतच बनलेली हवी. इंग्रजी किंवा कोरियन मालिकेचं जपानी डबिंग घेतलंत, तर कानावर एक वाक्य पडतं आणि पडद्यावर दुसरंच दिसतं. डबिंगचं भाषांतर ओठांच्या हालचालींना जुळवून केलेलं असतं, सबटायटलचं वाचण्याच्या वेगाला, आणि दोन्ही बहुतेकदा वेगवेगळी होतात. जपानी सबटायटलपुढे CC लिहिलेलं असेल तर ते बोललेल्या शब्दांच्या सर्वांत जवळ असतं. यादीत जपानी सबटायटल दिसलंच नाही, तर नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलची भाषा जपानी करून पाहा. चाकण-रांजणगावच्या जपानी कंपनीत काम करायचं असेल तर ऑफिस किंवा घर-संसाराची मालिका घ्या. तलवारी आणि राक्षसांच्या ॲनिमेमधली भाषा साहेबांपुढे चालणार नाही.

दोन ओळी लावा. लॅपटॉपवर क्रोममध्ये Language Reactor हे एक्स्टेन्शन टाका. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब दोन्हींवर ते चालतं आणि दोन भाषांच्या ओळी एकत्र दाखवतं. A दाबलं की मागचं वाक्य, S ने तेच पुन्हा, D ने पुढचं. वरची ओळ जपानी ठेवा. खालच्या ओळीसाठी हिंदी मिळत असेल तर हिंदीच घ्या.

याचं कारण वाक्याच्या रचनेत आहे. समजा, पात्र म्हणतं, ‘किनो, एकिदे तोमोदाचिनि आइमाशिता.’ इंग्रजी सबटायटल येईल, ‘आय मेट अ फ्रेंड ॲट द स्टेशन यस्टर्डे.’ जपानीत सर्वांत शेवटी येणारं क्रियापद इथे दुसऱ्याच शब्दाला आलं आणि सुरुवातीचा ‘काल’ शेवटी गेला. डोळा खालच्या ओळीवर असताना कानावर भलताच शब्द पडत असतो, त्यामुळे दोघांची सांगड बसत नाही. आता मराठीत बघा: ‘काल, स्टेशनवर मित्राला भेटलो.’ किनो म्हणजे काल, एकिदे म्हणजे स्टेशनवर, तोमोदाचिनि म्हणजे मित्राला, आइमाशिता म्हणजे भेटलो. क्रम तोच, प्रत्ययही नामाच्या मागेच लागलेले, आणि ‘मी’ दोन्हीकडे गाळलेला. हिंदीतही क्रम हाच राहतो. ही सोय इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे नाही, आपल्याकडे आहे; ती वापरायलाच हवी. हिंदी सबटायटल नसेल तर इंग्रजी लावा, पण अडलेल्या वाक्याची मराठी ओळ जपानी क्रमानेच वहीत स्वतः लिहा.

तीनच मिनिटांचा प्रसंग घ्या, अख्खा भाग नको. आधी दोन्ही ओळींसह एकदा बघून कथा समजून घ्या. मग खालची ओळ बंद करा आणि प्रत्येक वाक्याला S दाबत जपानी ओळ ऐकत-वाचत जा. कांजी अडली तर शब्दावर क्लिक करून अर्थ बघा. निम्म्याहून जास्त वाक्यांवर असं थांबावं लागत असेल तर मालिका अवघड आहे, बदला. शेवटी दोन्ही ओळी बंद करून सलग ऐका.

दुसऱ्या फेरीत एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. क्लासमध्ये शिकवलेलं ‘आइमाशिता’ मालिकेत मित्रामित्रांत ‘आत्ता’ होतं. तो नवा शब्द नाही, त्याच क्रियापदाचं सलगीचं रूप आहे. अशा जोड्या वहीत शेजारी शेजारी लिहा.

पद्धत चुकते आहे हे ओळखायचं कसं? प्रसंग संपल्यावर त्यातली तीन जपानी वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. गोष्ट सांगता येते पण वाक्य एकही आठवत नाही, म्हणजे तुम्ही खालची ओळच वाचत होतात.

मराठीचा आधार एका ठिकाणी मात्र फसवतो. ‘स्टेशनवर भेटलो’ आणि ‘स्टेशनवर आहे’ यांत आपण एकच ‘वर’ वापरतो. जपानीत पहिल्याला ‘एकिदे’, दुसऱ्याला ‘एकिनि’: कृती घडते तिथे ‘दे’, नुसतं असणं असेल तिथे ‘नि’. हा फरक मराठी किंवा हिंदी ओळीत दिसणारच नाही, म्हणून या दोन प्रत्ययांसाठी नजर वरच्या ओळीवरच ठेवा.

शेवटची, सबटायटलविना फेरी टाळू नका. जेएलपीटीच्या श्रवण विभागात ध्वनिफीत एकदाच वाजते. बोलण्याची परीक्षा तिथे नसते आणि मालिका बघूनही बोलणं येत नाही. त्यासाठी समोर माणूसच लागतो.